बुकिंग रद्द केल्यावर रक्कम कोणाची?

सहावा_गिअर:
पावतीवर 'नॉन-रिफंडेबल'चा शिक्का असतो, फॉर्मवर आपली सही असते. तरी गाडी नको झाली की लोक पैसे परत मागायला शोरूमच्या दारात उभे. सही केलीत ना? मग रक्कम विसरा. पंचवीस-पन्नास हजारांसाठी ग्राहक आयोगात जाण्यात काही हशील नाही.

नीरेकाठी:
असल्या सल्ल्यामुळेच लोक हक्काचे पैसे सोडून देतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

सही केली म्हणता, पण कशावर? सही असते ऑर्डर बुकिंग फॉर्मवर. शिक्का असतो पावतीवर, आणि पावती मिळते पैसे भरून झाल्यावर. फॉर्ममध्ये परताव्याची अट एक आणि पावतीच्या शिक्क्यात दुसरी असेल, तर फॉर्म धरायचा. पैसे घेऊन झाल्यावर एकट्या विक्रेत्याने मारलेला शिक्का म्हणजे दोघांचा करार नव्हे.

माझ्या भाच्याने 51,000 रुपये भरून गाडी बुक केली होती. अचानक नोकरीची बदली झाली, म्हणून डिलिव्हरीच्या आधी रद्द केली. कॅशियरने सांगितलं, दहा हजार कापणार. आम्ही फॉर्म उलटून पाहिला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सातवी अट होती. गाडी अलॉट होण्याआधी रद्द केल्यास 1,000 रुपये वजा, अलॉट झाल्यावर रद्द केल्यास 10,000 रुपये वजा, आणि उरलेली रक्कम 21 कामकाजाच्या दिवसांत, बिनव्याजी. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच उरला की रद्द केलं त्या दिवशी गाडी अलॉट झाली होती का.

शोरूम म्हणे झाली होती. अलॉट होणं म्हणजे विशिष्ट चॅसी नंबर तुमच्या बुकिंगला जोडला जाणं. ती नोंद त्यांच्या सिस्टीममध्ये तारखेसकट असते. म्हणून भाच्याने जीएम सेल्सना मेल केला, कंपनीच्या कस्टमर केअरला प्रत ठेवली, आणि लिहिलं ते असं:

"मी अमुक तारखेच्या मेलने बुकिंग रद्द केले आहे. फॉर्ममधील अट 7 नुसार 1,000 रुपये वजा करून 50,000 रुपये माझ्या खात्यात जमा करावेत. गाडी त्याआधी अलॉट झाली होती असे आपले म्हणणे असल्यास चॅसी नंबर आणि अलॉटमेंटची तारीख लेखी कळवावी."

सोबत फॉर्मची दोन्ही बाजूंची प्रत, पावती आणि कॅन्सल्ड चेक. कायद्याची कलमं नाहीत, धमकी नाही. उत्तरात चॅसी नंबर आला, पण अलॉटमेंटची तारीख निघाली रद्द केल्याच्या मेलनंतरची. ती त्यांच्याच मेलमध्ये होती. भाच्याने तेवढंच दाखवून दिलं आणि 50,000 जमा झाले.

एकच गोष्ट सांभाळा. सेल्सवाला फोनवर "हो सर, कॅन्सल करतो" म्हणाला म्हणजे रद्द झालं असं धरू नका. त्याच दिवशी मेल टाका. भाच्याने नुसता फोन केला असता, तर ती नंतरची तारीखच खरी ठरली असती.

स्टॉकयार्ड:
ताई, मी बारा महिने शोरूममध्येच असतो, आता आमचीही बाजू ऐका. तुमच्या भाच्याच्या बाबतीत शोरूम चुकलं असेल, मान्य. पण रद्द केल्याने आमचं काही जात नाही हा समज काढून टाका. गाडी आम्ही कंपनीकडून बँकेच्या पैशावर उचलतो. गिऱ्हाईक फिरलं की ती यार्डात उभी आणि व्याज चालू. सप्टेंबर 2025 ला जीएसटी उतरणार हे ऑगस्टमध्ये कळल्यावर लोकांनी पटापट डिलिव्हरी थांबवल्या, बुकिंग मोडली. जुन्या स्टॉकवर भरलेला सेस आमच्या अंगावर पडला. त्याबद्दल कोणी धागा काढला नाही. शिवाय तुमच्या ॲडव्हान्सवर आम्ही जीएसटी भरलेला असतो, तो कुठून परत आणायचा?

खतावणी:
शेवटचं वाक्य साफ चुकीचं आहे. मी हिशेबच बघतो. मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी भरावाच लागत नाही, नोव्हेंबर 2017 च्या अधिसूचनेपासून. कंपोझिशनवाले सोडून सगळ्यांना हे लागू आहे. कर देय होतो टॅक्स इन्व्हॉइस फाडल्यावर. सेवेच्या ॲडव्हान्सवर लागतो, पण गाडी सेवा नव्हे. 'जीएसटी भरला' म्हणून कोणी पैसे कापत असेल, तर इन्व्हॉइस नंबर मागा. इन्व्हॉइस नसेल तर करही नाही.

स्टॉकयार्ड:
अकाउंट्सवाले आम्हाला जे सांगतात ते मी सांगितलं. ठीक आहे, जीएसटीचं सोडलं. व्याजाचं सोडत नाही.

कोल्हापुरी_ठसका:
व्याजाचं सांगू नका राव! माझी गाडी मी रद्द का केली? डिलिव्हरीच्या आधी कोटेशन आलं. त्यात इन्शुरन्स तुमचाच, बाहेरच्यापेक्षा कितीतरी महाग. हँडलिंग चार्जेस वेगळे. ॲक्सेसरी किट घेतलंच पाहिजे. म्हटलं इन्शुरन्स मी बाहेरून आणतो, तर म्हणे मग डिलिव्हरीची तारीख सांगता येत नाही. हे बुकिंगच्या वेळी एका शब्दाने बोलले नव्हते. कट्ट्यावर सगळ्यांना विचारा, ज्याला त्याला हाच अनुभव.

सहावा_गिअर:
इन्शुरन्सचा इथे काय संबंध? विषय परताव्याचा आहे.

कोल्हापुरी_ठसका:
संबंध हाच की गाडी मी सोडली नाही, मला सोडायला लावली! विमा कुठून घ्यायचा हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. शोरूम सक्ती करू शकत नाही. ज्यांनी आयत्या वेळी नवी अट घुसवली त्यांनीच माझे पैसे कापायचे, हा कुठला न्याय?

चिपळूणकरीण:
आमच्याकडेही हेच झालं. हँडलिंग चार्जेस कसले विचारलं, तर म्हणे यार्डातून शोरूमपर्यंत गाडी आणायचे. अहो, गाडी शोरूममध्ये आणून विकणं हाच तर तुमचा धंदा! मिस्टर म्हणाले, जाऊ दे, शुभ कामात वाद नको. मी अजून त्यांना ते ऐकवते.

स्टॉकयार्ड:
कंपनी मार्जिन किती ठेवते ते माहितेय का? इन्शुरन्स आणि ॲक्सेसरीवरच शोरूम चालतं. डिस्काउंट मागताना घासाघीस करता, तो पैसा कुठून येतो? बाहेरचा इन्शुरन्स आणलात तर आम्ही अडवत नाही, फक्त डिस्काउंट कमी होतो.

कोल्हापुरी_ठसका:
अडवलं होतं. तोंडी. लेखी द्या म्हटल्यावर सगळे गप्प.

माजघर:
पंचवीस वर्षं वकिली केली, त्यातली बरीच ग्राहक आयोगात. इन्शुरन्सवरून भांडताय त्यात एक कामाची गोष्ट आहे. कोल्हापूरकर, फॉर्ममध्ये विम्याची अट नव्हती आणि नंतर ती लादली, तर रद्द तुम्ही केलं असलं तरी कारण शोरूमने दिलं. मग 'ग्राहकाने रद्द केल्यास' ही अट तुम्हाला लावायची का, हाच वाद होतो. पण त्यासाठी "विमा बाहेरून घेतो, डिलिव्हरीची तारीख द्या" असा मेल रद्द करण्याआधी गेलेला हवा. तोंडी सक्ती सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

आता मूळ प्रश्न. करार कायद्याचं कलम 74 सांगतं की करारात रक्कम लिहिली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. मौला बक्ष खटल्यात, 1969 साली, सर्वोच्च न्यायालयापुढे लष्कराला बटाटे, अंडी वगैरे पुरवायचा करार होता. सरकारने अनामत जप्त केली, पण प्रत्यक्ष नुकसान दाखवता आलं नाही, म्हणून ती परत करावी लागली. 2015 च्या कैलाशनाथ निकालातही नुकसान झालेलंच नसेल तर जप्ती टिकत नाही असं म्हटलं आहे. तेव्हा सहावा_गिअर, 'सही केली, विषय संपला' हे कायद्याला धरून नाही.

पण नीरेकाठीताई, शोरूमच्या बाजूनेही काही आहे. वाजवी इसारा जप्त करायला न्यायालयांची सरसकट मनाई नाही. आणि तुमच्या फॉर्मने जो हजार रुपये खर्च ठरवला होता, तो भाच्याने दिलाच. अटींवर बोट ठेवून मागायचं तर आपल्याला न आवडणारी अटही पाळावी लागते.

नीरेकाठी:
हजाराबद्दल आमची तक्रार नव्हतीच. मेलमध्ये आम्हीच तो वजा केलाय.

हायवे_72:
ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनफेअर कॉन्ट्रॅक्ट' म्हणून नवीन तरतूद आहे, 2019 पासून. नुकसानीच्या मानाने जास्त दंड लावणारा करार अन्यायकारक. ते कलम टाकून जिल्हा आयोगात केस ठोका, शोरूम सुतासारखं सरळ.

माजघर:
तरतूद बरोबर, दार चुकीचं. कलम 2(46) खाली करारच अन्यायकारक ठरवायचा असेल तर तक्रार राज्य आयोगाकडे न्यावी लागते. जिल्हा आयोगात तशी तक्रार नेलीत तर पहिला आक्षेप अधिकारक्षेत्राचा येणार आणि तारखा वाढणार. म्हणून अट आपल्या बाजूची असेल तर नुसतं 'स्वतःच्या अटीप्रमाणे परतावा दिला नाही, सेवेत त्रुटी' एवढंच म्हणा. ते जिल्हा आयोगात चालतं, तेही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ते निकाल देत नाहीत, कंपनीकडे पाठवतात, पण पन्नासातली बरीच प्रकरणं तिथेच मिटलेली मी पाहिली आहेत.

बेलापूर_लोकल:
माझं पण असंच आहे. गाडी रद्द केली, शोरूम म्हणतं पैसे तुम्हाला देत नाही, बँकेला देणार. बुकिंगचे पैसे तर मी भरलेत!

माजघर:
कर्ज वितरित झालंय का?

बेलापूर_लोकल:
हो, सात लाख थेट शोरूमला गेले. हप्तापण कापला गेला.

माजघर:
मग ही दोन वेगळी खाती आहेत. सात लाख बँकेच्या कर्जखात्यातच जायला हवेत, त्यात शोरूम बरोबर आहे. तुमचं बुकिंग तुमच्या खात्यात. मेलमध्ये दोन्ही रकमा वेगळ्या लिहा आणि बँकेलाही प्रत द्या. सात लाख जितके दिवस शोरूमकडे पडून, तितकं व्याज तुमच्या डोक्यावर. टॅक्स इन्व्हॉइस झालं असेल तर मामला आणखी किचकट, आधी ते विचारा.

सहावा_गिअर:
बरं, शिक्क्याचं मी सोडतो. पण अलॉट झालेली गाडी, तीही न खपणाऱ्या रंगाची, रद्द केली तर दहा हजार कापणं मला आजही रास्त वाटतं.

नीरेकाठी:
न खपणारा रंग असेल तर समजू शकते. पण ज्या गाडीला महिनोन्‌महिने वेटिंग आहे, तीच चॅसी दुसऱ्या दिवशी पुढच्या गिऱ्हाइकाला जाते. तिथे शोरूमचं कसलं नुकसान झालं?

स्टॉकयार्ड:
पुढचं गिऱ्हाईक व्हेरियंटसकट तोच रंग घेतं असं कोण म्हणालं?

नीरेकाठी:
मग ती चॅसी पुढे कुणाला आणि कधी बिल झाली, ते कागदावर दाखवा. भाच्याला चॅसी नंबर आणि तारीख सांगता आली, तशी तीही सांगता येईल.

स्टॉकयार्ड:
दुसऱ्या गिऱ्हाइकाची माहिती आम्ही देणार नाही.

माजघर:
नाव झाकून तारीख देता येते. आयोगापुढे गेलात तर तीच पहिली मागितली जाईल.