अनुभव धागा: उकडीचे मोदक, खिडकीचा उजेड आणि बंद फ्लॅश

गणपती जवळ आले की मोदकांचे फोटो सगळीकडे फिरू लागतात. त्यातले बरेच पांढरेफटक दिसतात, कळ्या कुठे गेल्या ते कळतच नाही. फ्लॅश न वापरता, घरातल्या खिडकीपाशी आणि साध्या मोबाइलवर तुम्ही फोटो कसा काढता? नेमकं लिहा, म्हणजे बाकीच्यांना करून बघता येईल.

सुपारी
फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, त्यामुळे उजेड समोरून सपाट पडतो. कळीची एक बाजू उजळ आणि दुसरी सावलीत असेल तरच ती दिसते, आणि समोरच्या उजेडात सावली पडतच नाही. म्हणून ताट असं ठेवा की खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. खिडकीपासून दोनतीन फूट अंतर पुरतं. खिडकीच्या उलट बाजूला, ताटापासून वीतभर लांब, पांढरा ड्रॉइंग पेपर उभा करा. सावली फार काळी वाटली तर कागद जवळ आणा, कळ्या पुसट झाल्या तर लांब न्या. आणि आधी खोलीतला दिवा बंद करा. पिवळा बल्ब चालू राहिला तर मोदकाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी येते. नंतर रंग सुधारायला गेलात तर एक बाजू सुधारते आणि दुसरी बिघडते.

उत्तरेची_खिडकी
खिडकी उत्तरेचीच हवी. तिथे ऊन कधीच येत नाही, त्यामुळे उजेड दिवसभर मऊ असतो.

सुपारी
वर्षातला बहुतेक काळ हे खरं आहे. पण मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतूनही आत येतं. दिशेपेक्षा सावलीची कड बघा. कड धारदार दिसली तर काचेवर पांढरं पातळ कापड लावा, जुनं धोतरही चालतं. मग कुठलीही खिडकी चालेल.

तूपसाखर
आमच्याकडे जेवण रात्रीच होतं. रिंग लाइट कुठला घ्यावा?

खोबरेल
धागा खिडकीचा आहे, पण एवढं सांगते: रिंग लाइट घेतलात तरी त्यात मोबाइल अडकवू नका, नाहीतर तोही फ्लॅशसारखाच समोरून पडेल. बाजूला ठेवा. दोन मोदक सकाळसाठी झाकून ठेवणार असाल तर उकड सुकते आणि चिरा पडतात. फोटोआधी पुन्हा पाचेक मिनिटं वाफ द्या.

कोनफळ
मी सगळे फोटो बरोब्बर वरून काढतो. ताट पूर्ण दिसतं.

सुपारी
थालीपीठ, घावन किंवा वाढलेलं पूर्ण ताट वरूनच छान दिसतं. वाटीतल्या आमटीला साधारण ४५ अंश बरे, म्हणजे जेवायला बसल्यावर दिसते तशी. मोदक मात्र उंचीचा पदार्थ आहे. वरून तो नुसता गोल दिसतो, टोक हरवतं. मोबाइल ताटाच्या कडेपेक्षा जरासाच वर धरा. अगदी जवळ जाऊ नका, पुढचा मोदक फुगतो आणि मागचे बारके होतात. दोन पावलं मागे सरून 2x वर काढा. कोपर टेबलावर टेका आणि तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना हात हलत नाही.

उत्तरेची_खिडकी
एवढं करूनही माझे मोदक राखाडी येतात.

खोबरेल
पांढऱ्यावर बोट ठेवलं की मोबाइल त्याला मध्यम उजेडाचं समजून अंधार करतो. बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल, मग शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. मोदकाच्या उजळ बाजूच्या कळ्या पुसायला लागल्या की लगेच थांबा. काळ्या मसाल्याच्या आमटीला याच्या उलट, चिन्ह खाली. लेन्स आधी सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरातला तेलकट थर बसला असेल तर उजेडाभोवती धुकं दिसतं आणि दोष खिडकीला जातो.

कोनफळ
वाफ दिसायला हवी असेल तर?

सुपारी
खिडकी मोदकांच्या मागे तिरकी घ्या आणि वाफेच्या मागे गडद काहीतरी ठेवा. उघडी खिडकी किंवा पांढरी भिंत मागे असेल तर वाफ त्यात मिसळून जाते. मोदकपात्राचं झाकण काढायच्या आधीच चौकट आणि फोकस ठरवून ठेवा, आणि पंखा बंद करा.

खोबरेल
एक राहिलं. केळीच्या पानावर मोदकांच्या बुडाला हिरवी झाक येते, कारण पानावर पडलेला उजेड वर परततो. मी पान छोटं कापून फक्त मागे ठेवते.

सुपारी
मला ती झाक आवडते, पानावरचा मोदक डोळ्यांनाही तसाच दिसतो. फोटोत काढून टाकायची गरज वाटत नाही.

तूपसाखर
मग स्टीलचं ताट घेतलं तर?

खोबरेल
त्यात छत आणि मोबाइल दोन्ही दिसतात. ताट जरा फिरवून किंवा कोन बदलून बघा. नाहीच गेलं, तर पानच बरं.