मदत हवी आहे: फोटोत आईच्या डोक्यातून खांब उगवलाय

सायली_के: आईचा फोटो सुरेख आलाय, पण मागचा सिमेंटचा खांब थेट तिच्या डोक्यातून वर गेलाय. खांब फिकट राखाडी, मागे गर्द हिरवी झुडपं, केस काळे आणि जरा भुरभुरणारे. फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश फिरवला. वरचा खांब गेला, पण केसांजवळ आलं की काळपट डाग पसरतो आणि बारीक बटाही पुसल्या जातात. काय करू?

भटक्या७: एक पाऊल बाजूला सरकून फोटो काढायचा, खांब आपोआप चेहऱ्यापासून लांब जातो.

सायली_के: हो, पण फोटो काढून झालाय ना आता!

निवांत: ब्रश अगदी लहान घ्या, 5 पिक्सेल. मग डाग येत नाही.

जुना_कॅमेरा: डाग लहान होईल, जाणार नाही. हीलिंग ब्रश आजूबाजूच्या रंगाशी मिसळून घेतो. कड केसांना टेकली की केसांचा काळा रंग आत ओढला जातो. त्यामुळे वरचा भाग हीलिंगने, पण डोक्यालगतची बोटभर पट्टी क्लोन स्टॅम्पने करा.

तुमचा खांब झुडपांपेक्षा उजळ आहे आणि केस झुडपांपेक्षा गडद, हे नशीबच. वर एक नवा रिकामा लेयर घ्या आणि त्या लेयरचा मोड `Darken` करा. ब्रशचा मोड `Normal`च ठेवा. रिकाम्या लेयरवर ब्रशच्या `Darken`चा उपयोग होत नाही. `Sample` मध्ये `Current & Below` निवडा, Alt दाबून झुडपांवर क्लिक करा आणि बिनधास्त केसांवरूनही फिरवा. खांब हिरवा होईल, काळे केस तसेच राहतील. नमुना दोन-तीन जागांवरून घ्या, नाहीतर तेच पान तीनदा दिसेल आणि चोरी पकडली जाईल.

सायली_के: कमाल! खांब गेला, बटा शाबूत. फक्त उजवीकडे ऊन पडून चमकणारे चार-पाच केस गायब झाले.

जुना_कॅमेरा: ते झुडपांपेक्षा उजळ, म्हणून खांबाबरोबर गेले. मास्क लावून परत आणलेत तर त्यांच्या दोन्ही बाजूंना खांबाची राखाडी रेघ दिसेल. मी तर आणखी एक लेयर घेऊन, शेजारच्या चमकत्या केसाचा रंग उचलून, 2 पिक्सेलच्या ब्रशने नवे केस काढतो. एका झटक्यात ओढा, हळूहळू काढलात तर तार वाटते.

मृद्गंध: माझं उलट आहे. मागे पांढरं आकाश, त्यात काळं झाड, केसही काळेच. `Lighten` चालेल का?

जुना_कॅमेरा: नाही, झाडाबरोबर केसही जातील. तिथे केस आधी सिलेक्शनने वेगळे करावे लागतात, आणि काळ्यावर काळं असल्यामुळे कड हातानेच ठरवायची. मोकळे केस असतील तर माझंही दरवेळी जमत नाही.

सायली_के: तीन केस काढले. दोन ठीक, तिसरा अजून तारच वाटतोय.