मदत हवी आहे: दोन कॉइलच्या मधोमध चुंबकीय क्षेत्र एकसारखं येत नाही

प्रयोगवही: दोन सारख्या कॉइल एका अक्षावर, प्रत्येकी 100 फेरे, अर्धा अँपिअर. अंतर नियमाप्रमाणे 20 सेमी ठेवलंय. तरी हॉल प्रोब कॉइलच्या मध्यावर 0.34 मिलिटेस्ला दाखवतो आणि दोघींच्या मधोमध 0.22. दोन दिवस हेच चाललंय, उद्या प्रयोग दाखवायचाय. काय चुकतंय?

तारकरी: एक कॉइल उलटी जोडली गेलीय. टोकं बदला.

अक्षांश: उलटी असती तर मधोमध शून्य आलं असतं. व्यास किती?

प्रयोगवही: 20 सेमी. अंतर बरोबर आहे म्हटलं ना.

भोवरा: मग पृथ्वीचं क्षेत्र मिसळतंय. मला ते फार नडलं होतं.

प्रयोगवही: अक्ष पूर्व-पश्चिम ठेवलाय, प्रवाह बंद करून प्रोब शून्यावर आणलाय.

अक्षांश: पृथ्वीचं क्षेत्र सगळीकडे सारखंच मिळेल, मधे खड्डा पाडणार नाही. अंतर त्रिज्येइतकं हवं, तुम्ही व्यासाइतकं ठेवलंय. 10 सेमी करा.

तारकरी: त्यापेक्षा अगदी चिकटवा. जवळ आल्या की क्षेत्र वाढतं.

अक्षांश: वाढतं, पण मग मधे टेकाड येतं. एकाच कॉइलचा अक्षावरचा आलेख काढा. कॉइलपाशी तो घुमटासारखा वळलेला असतो, लांब गेलं की वाटीसारखा. घुमट संपून वाटी सुरू होते ती जागा कॉइलपासून बरोबर अर्ध्या त्रिज्येवर आहे. तिथे आलेख उतरत असतो, पण वाकलेला नसतो. अंतर त्रिज्येइतकं ठेवलं की मधला बिंदू दोघींसाठी नेमका तिथे येतो. एकीचा उतार दुसरीचा चढ खाऊन टाकतो आणि वाक तर कुणाचाच नसतो. म्हणून फरक मधल्या बिंदूपासूनच्या अंतराच्या चौथ्या घाताने, फार हळू वाढतो. x म्हणजे ते अंतर, R त्रिज्या, B₀ मधल्या बिंदूवरचं क्षेत्र:

B(x) ≈ B₀[1 − 1.15(x/R)⁴]

तुमच्याकडे मध्यापासून अडीच सेमीवर अर्धा टक्कासुद्धा घट नसेल. कॉइलच्या पातळीत मात्र 5 टक्क्यांहून जास्त असेल.

भोवरा: आत लोखंडी गाभा घातला तर क्षेत्र कितीतरी वाढेल.

अक्षांश: त्यांना जोर नकोय, सपाटपणा हवाय. लोखंड सगळं क्षेत्र आपल्याकडे ओढून घेईल.

प्रयोगवही: केलं! मधोमध 0.45, दोन्हीकडे अडीच सेमीवरही 0.45. पण एका कॉइलपाशी 0.43 आणि दुसरीपाशी 0.42 येतंय.

अक्षांश: एकसर जोडल्यात की समांतर? समांतर असतील तर प्रवाह सारखा वाटला जात नसेल.

प्रयोगवही: एकसर.

अक्षांश: मग एकेक कॉइल चालू ठेवून मधोमध मोजा. दोघींचं 0.225 यायला हवं.

प्रयोगवही: एकीचं 0.23, दुसरीचं 0.22. फेरे कमी-जास्त असतील का?

तारकरी: प्रोब तिरका धरला तरी एवढा फरक येतो.

अक्षांश: येतो. प्रोब स्टँडला बांधा, हलवू नका आणि प्रवाह फक्त एका कॉइलमधून दुसरीत फिरवून परत मोजा.