आधी राहण्याचा हक्क, मग मालकी

"मृत्युपत्रात घर दुसऱ्या बायकोच्या नावे लिहिलं, की पुढे ती तिन्ही मुलांना देईलच ना?"

देईल याची कायदेशीर हमी काहीच नाही. पूर्ण मालकी मिळाली की ती घर विकू शकते, स्वतःचं मृत्युपत्र करू शकते. न करताच गेली तर घर तिच्या वारसांकडे जातं, आणि तुमच्या पहिल्या लग्नाची दोन मुलं सहसा त्यात धरली जात नाहीत. म्हणून मृत्युपत्रात दोन टप्पे लिहा: बायकोला हयातभर राहण्याचा हक्क, विक्री किंवा गहाण टाकण्याचा नाही, तिच्यानंतर तिन्ही मुलांना समान मालकी.

पण एवढ्यावर थांबलात तर भांडण छताच्या गळतीवरून सुरू होतं. कर आणि किरकोळ दुरुस्ती तिची, मोठी दुरुस्ती वेगळ्या ठेवलेल्या ठेवीतून, असं स्पष्ट लिहा. ती कायमची दुसरीकडे राहायला गेली तर हक्क संपतो का, भाडं कोणाचं, हेही लिहा. एखादं मूल तिच्या आधी वारलं तर त्याचा वाटा कोणाला, हे तर हमखास राहून जातं. "माझी मुलं" असं मोघम न लिहिता तिघांची नावं घाला. आणि मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक दोन्ही कुटुंबांबाहेरचा नेमा, शक्यतो वयाने तुमच्यापेक्षा लहान.