जिल्ह्यातला अनुसूचित जातींचा वाटा १९९१ला एकदम का वाढला?

वर्धाकाठ: नागपूर जिल्ह्याचा जनगणनेवरून आलेख काढतोय. १९८१नंतर रेघ एकदम वर जाते. राज्यातही ७.१ टक्क्यांवरून ११.१. दहा वर्षांत एवढी वाढ? मला तर हे खोट्या दाखल्यांचं काम वाटतं.

जुना प्रगणक: जनगणनेत दाखला कुणी मागत नाही. घरचा माणूस सांगेल ती जात लिहायची, आणि ती त्या राज्याच्या यादीत असेल तरच अनुसूचित धरायची. बदलली ती धर्माची अट. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशात काही मोजक्या शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदू होते, १९५६ला सगळे शीख आले, बौद्ध थेट १९९०च्या दुरुस्तीने. म्हणजे १९५६नंतर धर्मांतर करून तसं नोंदवणारी कुटुंबं १९८१पर्यंत या रकान्यात नव्हतीच. राज्यात १९८१ला अनुसूचित जाती ४४.८ लाख, १९९१ला ८७.६ लाख. एकूण लोकसंख्या मात्र चौथ्या हिश्शानेच वाढली. नवी माणसं आली नाहीत हो, होती तीच मोजली गेली!

मंगळवारी: मग १९८१च्या आकड्यात तेव्हाचे बौद्ध मिळवा, रेघ सरळ होईल.

जुना प्रगणक: अर्धंच बरोबर. तेव्हा राज्यात बौद्ध ३९.५ लाख. मिळवले तर वाटा १३.४ टक्के होतो, १९९१पेक्षाही जास्त. प्रत्येक बौद्ध माणूस अनुसूचित जातीत नोंदला जातोच असं नाही.

सुनंदा: आमच्याच घरचं सांगते. बाबांनी धर्म बौद्ध सांगितला आणि जात विचारल्यावरही "बौद्ध"च म्हणाले. जात सोडण्यासाठीच तर धर्म बदलला, असं त्यांचं म्हणणं. यादीत 'बौद्ध' ही जात नाही. आमचं घर त्या रकान्यात आलं नसणार.

मंगळवारी: हा मुद्दा मोठा आहे. अशी घरं किती, हे कसं काढणार?

आकडेवाला: २०११ला नागपुरात अनुसूचित १८.६ आणि बौद्ध १४ टक्के. म्हणजे दलित समाज ३२ टक्क्यांच्या वर!

जुना प्रगणक: अशी बेरीज करू नका. एकच माणूस धर्माच्या तक्त्यात बौद्ध आणि दुसऱ्या तक्त्यात अनुसूचित असतो, तो दोनदा मोजाल. वाटा काढायला प्राथमिक जनगणना गोषवारा घ्या. जिल्ह्याच्या `Total` ओळीतला `P_SC` भागिले `TOT_P`: ८,६७,७१३ भागिले ४६,५३,५७०. `Rural` आणि `Urban` या ओळी त्यात पुन्हा मिळवू नका.

वर्धाकाठ: दाखल्यांचं माझं म्हणणं मागे घेतो. आलेखात १९८१ आणि १९९१च्या मध्ये रेघ तोडून खाली कारण लिहितो.

मंगळवारी: तोडू नका. लोक तर सलग तिथेच राहत होते. बौद्धांची रेघ वेगळ्या रंगात काढा.

सुनंदा: आणि त्यात आमच्यासारखी घरं कुठे दाखवणार?