नाव घातलेले तांब्ये, परताव्याला नकार आणि एक मेल

मेघा (भांडी बाजार, नाशिक): आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. पुण्याच्या एका ताईंनी मुलाच्या मुंजीत आहेर द्यायला 40 तांब्ये घेतले, एक 620 रुपयांना, पैसे आधीच भरले. 26 वर मुलाचं नाव आणि मुंजीची तारीख घालून झाली, 14 कोरे आहेत. घरात कोणी गेल्यामुळे मुंज लांबली आणि त्यांनी सगळे पैसे परत मागितले. भावाने चॅटवर लिहिलं: ‘नाव घातलेला माल परत होत नाही. आधी बोलणं झालं होतं. पैसे मिळणार नाहीत. पुन्हा मेसेज करू नका.’ आता त्या म्हणतात, हे मेलवर लेखी द्या. पैसे पूर्ण परत देणं आम्हाला परवडत नाही. तेच चार ओळींत पाठवू की नीट सविस्तर लिहू?

नितीन (पंचवटी): तेच पाठवा. माझं कापडाचं दुकान आहे. जितकं लांब लिहाल तितके फाटे फुटतात. एकदा ‘क्षमस्व’ लिहिलंत की समोरचा म्हणतो, बघा, चूक कबूल केली. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलेलं असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. विषय संपला.

वैशाली (गंगापूर रोड): नितीनदादा, अर्धं पटलं. जे आपल्या हातून घडलं नाही त्याची माफी मागू नये, हे खरं. पण बिलावरची ती ओळ सगळीकडे चालत नाही. वस्तू सदोष निघाली तर बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत, ती परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार प्रथा ठरते. इथे तांब्ये सदोष नाहीत, गिऱ्हाईकाचा बेत बदलला आहे, म्हणून नकाराला जागा आहे.

पण मेघाताई, लिहायला बसण्याआधी एक तांब्या हातात घेऊन त्यावरचा मजकूर त्यांनी पाठवलेल्या मेसेजशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. वेलांटीची चूक तुमच्याकडून झाली असेल, तर ही नकाराची मेलच राहत नाही. तेवढे तांब्ये तुम्हाला बदलून द्यावे लागतील किंवा पैसे परत करावे लागतील.

सुनंदा (सिडको): दुकानदार सगळे सारखेच! माझं वॉशिंग मशीन पंधरा दिवसांत बंद पडलं. दुकानवाला म्हणाला कंपनीला फोन करा, कंपनी म्हणाली दुकानात जा. मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार केली तेव्हा कुठे माणूस घरी आला. त्या ताईंचे पैसे देऊन टाका, मुंज काय पुन्हा पुन्हा होते का?

वैशाली: सुनंदाताई, तुमचं मशीन बिघडलेलं होतं. तुमचा हक्क पक्का होता आणि तुम्ही केलंत ते योग्यच. इथे भांडं चांगलं आहे, फक्त त्यावर दुसऱ्याच्या मुलाचं नाव आहे. ते तिसऱ्या कोणाला विकणार कसं?

मेघाताई, भावाच्या चार वाक्यांत माहिती अशी एकच आहे, नाव घातलेला माल परत होत नाही. का होत नाही ते नाही, 14 कोऱ्या तांब्यांचा उल्लेखच नाही, आणि शेवटच्या वाक्याने दार लावून घेतलंय. ‘आधी बोलणं झालं होतं’ हे वाचणाऱ्याला टोचतं. त्याऐवजी तो मेसेज जोडून द्या, म्हणजे तेच सांगितलं जाईल आणि वाद उरणार नाही. नकार मात्र वरच, स्पष्ट शब्दांत लिहा. ‘बघू’, ‘प्रयत्न करू’ असं लिहिलंत तर त्या आठवडाभर आशेवर राहतील आणि मग जास्त चिडतील. माफी मागायचीच तर सुराची मागा, निर्णयाची नको.

मेघा: मजकूर ताडून पाहिला, बरोबर आहे. भावाशी आणि बाबांशी बोलून असं लिहिलंय:

> नमस्कार मॅडम,
>
> तुमच्या घरी घडलेल्या दुःखद घटनेबद्दल कळलं, फार वाईट वाटलं. काल चॅटवर आमच्याकडून ज्या शब्दांत उत्तर गेलं ते योग्य नव्हतं, त्याबद्दल क्षमस्व.
>
> नाव आणि तारीख घातलेल्या 26 तांब्यांचे पैसे आम्ही परत करू शकत नाही. ते दुसऱ्या कोणाला विकता येत नाहीत, म्हणूनच काम सुरू करण्याआधी मजकूर तुमच्याकडून पक्का करून घेतला होता. तो मेसेज आणि बिलाचा फोटो सोबत जोडला आहे.
>
> उरलेले 14 तांब्ये कोरे आहेत. त्यांचे 8,680 रुपये, तुम्ही ज्या खात्यातून भरले त्यावर परत करू. किंवा हवे असल्यास ते तुमच्या नावाने बाजूला ठेवू आणि मुंजीची नवी तारीख ठरली की नाव विनामूल्य घालून देऊ.
>
> 26 तांब्यांवरची फक्त तारखेची ओळ घासून काढता येईल, नाव तसंच राहील. उजेडात धरल्यावर तिथे पुसट खूण दिसेल. म्हणून आधी एका तांब्याचा फोटो पाठवतो, तुम्हाला पसंत पडला तरच बाकीचे करू. याचे पैसे घेणार नाही. तेही नको असेल, तर त्या दिवसाच्या मोडीच्या भावाने वजनावर परत घेऊ. ही रक्कम खरेदीपेक्षा बरीच कमी असेल, हे आधीच सांगतो.
>
> काय सोयीचं आहे ते महिनाअखेरपर्यंत कळवा. फोनवर बोलायचं असल्यास सकाळी 11 ते रात्री 8 मध्ये दुकानात मीच असते.
>
> मेघा

बाबांना 14 तांब्यांचे पैसे परत देणं मान्य नाही. ते म्हणतात, बदल्यात दुसरं भांडं न्या.

वैशाली: मेल चांगली आहे. तारखेची खूण राहील आणि मोडीत पैसे कमी मिळतील, या दोन गोष्टी तुम्ही आपणहून सांगितल्यात. त्या लपवल्या असत्या तर पुढचं भांडण तिथेच झालं असतं. बाबांना म्हणावं, कोरे तांब्ये उद्या दुसऱ्या गिऱ्हाईकाला जातील. जे अडकलं आहे ते 26 मध्ये. ‘नाव घातलेला माल’ हे कारण कोऱ्या मालाला लावलं तर खरं कारणही खोटं वाटायला लागेल.

नितीन: इथे मी बाबांच्या बाजूने. ऑर्डर 40 ची होती, भाव 40 चा लावला होता. 26 च घेतले असते तर तोच भाव मिळाला असता का? पैसे परत द्यायचेच तर तेवढा फरक कापून द्या आणि तसं मेलमध्ये लिहा.

वैशाली: तो फरक ऑर्डर घेतानाच बिलावर लिहिला असेल तर कापा. आज नव्याने काढलात तर त्या विचारतील, हे तेव्हा का नाही सांगितलं? आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल.

नितीन: व्यापारात सगळं बिलावर लिहिलेलं नसतं हो. आणि महिनाअखेरची मुदत तर मी काढूनच टाकीन. घरात माणूस गेलंय, त्यांना तारखा कुठे सुचणार?

मेघा: मुदत काढली. त्या जागी ‘तोवर सगळे तांब्ये तुमच्या नावाने जपून ठेवतो, सवडीने कळवा’ असं घातलंय. बिलावर फरकाचं काही नाही. 14 चं बाबांशी आज रात्री पुन्हा बोलते, त्याशिवाय मेल पाठवत नाही.