शब्दचर्चा : ‘मोड’ला मराठीत काय म्हणायचं? थाट, मेळ की मूर्च्छना?

कोथरूडकर
मुलगी कर्वे रोडवरच्या एका क्लासला गिटार शिकते. परवा तिच्या वहीत सरांनी लिहून दिलं होतं, ‘ई मिक्सोलिडियन, मधला भाग ई डोरियन’. गाणं बीटल्सचं, ‘नॉर्वेजियन वुड’. माझी आई पेटी वाजवते, तिनं वही बघून सरळ विचारलं, “म्हणजे राग कुठला?” मला उत्तर देता आलं नाही. सर या दोन्हींना ‘मोड’ म्हणतात. आपल्याकडे मोड म्हणजे मटकीला येतात ते, नाहीतर सुट्टे पैसे. संगीतातल्या या मोडला मराठी शब्द आहे का? आणि आईला ते ऐकवायचं कसं?

फ्रेटवाला_औंध
सोपं आहे. पेटीच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या घ्या. पांढरी एकपासून वाजवल्या की मेजर, म्हणजे आपला बिलावल. त्याच पट्ट्या पांढरी दोनपासून वाजवल्या की डोरियन, पांढरी पाचपासून मिक्सोलिडियन. स्वर तेच, सुरुवात निराळी. म्हणून शब्द ‘मूर्च्छना’च हवा.

पेटीवाली
पट्ट्या बरोबर सांगितल्यात, पण ‘सुरुवात निराळी’ एवढ्यावर थांबलात तर ऐकणाऱ्याला काहीच कळणार नाही. करून बघा. डाव्या हातानं पांढरी एक दाबून ठेवा आणि उजव्या हातानं पांढरी दोनपासून वर जा. कानाला बिलावलच लागेल, फक्त रे पासून सुरू केलेला. आता डाव्या हाताची पट्टी सोडून पांढरी दोन धरून ठेवा आणि उजवा हात तोच फिरवा. ग आणि नी कोमल झाले, काफीचे स्वर आले. पट्टी कुठून सुरू केली यापेक्षा सा कुठे बसलाय हे महत्त्वाचं. आपल्याकडे तो तानपुरा बसवतो. त्यांच्याकडे बास, पहिला-शेवटचा कॉर्ड आणि चाल कुठे विसावते, हे मिळून बसवतात.

कोथरूडकर, सरांनी गाणं फार चांगलं निवडलंय, कारण दोन्ही मोड एकाच सा वर आहेत. आईंना पांढरी तीनचा, म्हणजे सरांच्या ‘ई’चा, सा धरायला सांगा. मुखड्यासाठी पट्ट्या अशा : पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, पांढरी सहा, पांढरी सात, वरची काळी एक, वरची पांढरी दोन. सगळे शुद्ध, फक्त नी कोमल. म्हणजे खमाज थाट, तोच त्यांचा मिक्सोलिडियन. शुद्ध गमुळे चाल उजळ राहते, पण शुद्ध नी जसा वरच्या सा कडे ओढतो तशी ओढ इथे नाही. कोमल नी घाई करत नाही. म्हणून मुखडा आनंदी असूनही जरा आळसावलेला, सैल वाटतो.

मधल्या भागात एकच पट्टी बदलते : काळी चार सोडायची, तिच्याऐवजी पांढरी पाच. ग कोमल झाला, बाकी सगळं तसंच. खमाजचा काफी झाला, मिक्सोलिडियनचा डोरियन.

भजनी_मंडळ_हडपसर
आमच्या मंडळात कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आहे. बुवांचा आवाज बसला की एक-दोन पट्ट्या खाली घेतो. म्हणजे आम्ही रोज मोड बदलतोय म्हणायचं का?

पेटीवाली
नाही हो. तुम्ही सा सकट सगळे स्वर एकदम खाली सरकवता, एकमेकांमधली अंतरं तीच राहतात. ‘इंद्रायणी काठी’ काळी एकमध्ये म्हणा की पांढरी दोनमध्ये, भीमपलासच. सा जागेवर ठेवून एखादा स्वर हलला, किंवा स्वर तेच ठेवून सा हलला, तरच मोड बदलतो.

भजनी_मंडळ_हडपसर
मग भीमपलास म्हणजे डोरियन, बरोबर?

पेटीवाली
स्वर तेच, कोमल ग, कोमल नी, शुद्ध ध. पण भीमपलासात चढताना रे आणि ध वगळतात, ते उतरतानाच येतात. डोरियनवर असं बंधन नाही. तरी डोरियनची ओळख पटवायला तुमचा अभंग उपयोगी आहे. उतरताना तो शुद्ध ध नीट ऐका. कोमल गमुळे चाल उदास होते, पण शुद्ध ध तिला खचू देत नाही. तोच ध कोमल केलात तर आसावरी थाट होईल, त्यांचा नेहमीचा मायनर, आणि अंधार एकदम दाटतो. बीटल्सच्या त्या मधल्या भागात ई मायनरनंतर ए मेजर येतो. ए मेजरमधली मधली पट्टी काळी एक, म्हणजे पांढरी तीनच्या सा ला शुद्ध ध. तिथं ए मायनर वाजवून बघा, फरक लगेच कळेल.

फ्रेटवाला_औंध
पण त्या भागाच्या शेवटी बी मेजर येतो, त्यात शुद्ध नी आहे. मग डोरियन कसा?

पेटीवाली
बरोबर पकडलंत. तिथं मोड मोडलाय, मुद्दाम. तो नी मुखड्याच्या सा कडे परत ओढून नेतो. चालीला गरज पडली की स्वर बदलतो. आपल्या खमाज रागात तरी काय होतं? थाट कोमल नीचा, पण चढताना शुद्ध नी लागतोच. म्हणूनच ‘मिक्सोलिडियन म्हणजे खमाज’ म्हणताना थाट म्हणतोय की राग, हे सांगितलं पाहिजे.

सदाशिव_पेठ
शब्दाकडे वळतो. भातखंड्यांचा थाट म्हणजे रागांचं वर्गीकरण करायची चौकट. थाट कोणी गात नाही, राग गातात. मोडमध्ये मात्र लोक थेट गाणी बांधतात, तेव्हा थाट म्हटलं की मोड निर्जीव होतो. मूर्च्छना हा भरताचा शब्द, षड्जग्रामाच्या सात आणि मध्यमग्रामाच्या सात. षड्जग्रामाची श्रुतींची मांडणी, सा-रे तीन, रे-ग दोन, ग-म चार, म-प चार, प-ध तीन, ध-नी दोन, आजच्या काफीच्या जवळ जाते, म्हणजे डोरियनच्याही. पण आजचे गायक ‘मूर्च्छना’ म्हणतात ते मैफलीत मधेच सा सरकवून दुसऱ्या रागाची छाया दाखवायला. शब्द तोच, काम वेगळं. मला ‘मेळ’ बरा वाटतो.

पेटीवाली
मेळ म्हटलं की कर्नाटकी मेळकर्ता डोळ्यांपुढे येतो, आणि सा कुठे आहे हे त्या शब्दातून कळतच नाही. मी शिकवताना ‘मोड’च म्हणते आणि शेजारी थाटाचं नाव लिहिते. डोरियन हे नाव तरी कुठे सरळ आहे? ग्रीकांचा डोरियन त्यांच्या ई ते ई होता, मध्ययुगात नावांची अदलाबदल होऊन तो डी ते डी झाला.

फ्रेटवाला_औंध
आता ‘स्वीट होम अलाबामा’ सांगा. डी, सी, जी एवढेच कॉर्ड गोल फिरतात. आमच्या ग्रुपमध्ये यावरून नेहमी वाद. सा डी धरला तर मिक्सोलिडियन, सी हा त्याचा कोमल नी. सा जी धरला तर साधा मेजर. मी जीच्या बाजूचा, कारण जीवर जास्त वेळ थांबतात.

पेटीवाली
मी डीच्या बाजूची. चक्र तिथून सुरू होतं आणि मला तिथे घरी आल्यासारखं वाटतं. पण तुम्ही जी म्हणालात तर खोडून काढता येणार नाही. इथं तानपुरा कोणी लावलेला नाही.

कोथरूडकर
आज दुपारी आईनं पांढरी तीन धरली. मुखडा वाजवला, मग काळी चारवरचं बोट पांढरी पाचवर घेतलं आणि तीनदा मागेपुढे केलं. म्हणाली, “हा काफी, पण सतार कोणाची?” मुलीनं सांगितलं, जॉर्ज हॅरिसनची, 1965 ची. वहीत आईनं सरांच्या अक्षराखाली पेन्सिलीनं लिहून ठेवलंय : ग शुद्ध, मग ग कोमल. शब्दाचं मात्र अजून ठरलेलं नाही. आई थाटच म्हणते.